‘आहेर आणू नये’ हे पत्रिकेत कसं लिहावं : बाबांच्या सहस्रचंद्रदर्शनाचा अनुभव

काही वर्षांपूर्वी आमच्या वास्तुशांतीच्या पत्रिकेत आम्ही खाली एक ओळ छापली होती : ‘आपली उपस्थिती हाच आमचा आहेर.’ आम्हाला खरोखरच काही नको होतं. तरी चाळीसेक पाकिटं आली, आणि दारात उभं राहून ती नाकारणं आम्हाला जमलं नाही. वाईट याचं वाटलं, की ज्यांनी आमचा शब्द खरा धरला तेच अडचणीत आले. नात्यातल्या एक वहिनी रिकाम्या हाताने आल्या, पुढच्या माणसाने पाकीट दिलेलं पाहिलं आणि बाजूला जाऊन कुणाकडे तरी रिकामं पाकीट मागू लागल्या. ते मी पाहिलं आणि मनात टोचत राहिलं.

म्हणून बाबांच्या सहस्रचंद्रदर्शनाची पत्रिका करताना आम्ही या एका ओळीवर बराच वेळ घालवला. १४० माणसं, कोथरूडचं एक छोटं कार्यालय, आणि बहुतेक पाहुणे सत्तरीच्या पुढचे. आहेर देणं-घेणं ज्यांच्या हाडीमांसी भिनलेलं आहे, अशीच ही पिढी. या वेळी ते जमलं. कसं, ते क्रमाने सांगते.

आधी घरात एकच काय ते ठरवा

पत्रिकेचा मजकूर बिघडतो तो बहुतेक वेळा घरात नीट न ठरल्यामुळे. मुलगा म्हणतो काहीच नको, सूनबाई म्हणतात देणगी द्यायला सांगू, आई म्हणते जवळच्यांचं घ्यावंच लागेल. मग या तिघांचं मिळून एक वाक्य तयार होतं : ‘आहेर आणू नये, द्यायचाच असल्यास अमुक संस्थेला देणगी द्यावी.’ हे वाचणाऱ्याला काय कळतं? द्यायचं आहे, फक्त जागा बदलली आहे. ‘काही आणू नका’ आणि ‘देणगी द्या’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत आपण पाहुण्याला मोकळं करतो आणि दुसरीत त्याच्याकडे काही मागतो. मागणं चुकीचं मुळीच नाही, पण ते मोकळं करण्याच्या आड लपवू नये.

ज्याचा सोहळा आहे त्यालाही विचारायला हवं. आम्ही भावंडांनी ‘आहेर नको’ परस्पर ठरवलं आणि बाबांना नंतर सांगितलं. ते म्हणाले, “माझ्या गावातल्या शाळेत वाचनालय करायचंय असं मी किती वर्षं म्हणतोय. लोक काही देणारच असतील तर तिकडे जाऊ दे.” साताऱ्याकडच्या त्या शाळेत बाबा सातवीपर्यंत शिकले. एवढं ऐकल्यावर देणगीचा विषय पत्रिकेत कसा आणायचा, हा प्रश्न उभा राहिला.

आम्ही असं केलं : छापील पत्रिकेत फक्त ‘काही आणू नये’. देणगीबद्दल पत्रिकेत एक अक्षरही नाही. जे विचारतील, त्यांनाच वाचनालयाबद्दल सांगायचं. अशा सोहळ्यात निम्मी माणसं आपण होऊन विचारतातच, “मग काय आणू?” त्या क्षणी देणगीचं नाव निघालं तर ते मागणं वाटत नाही, उत्तर वाटतं. माझ्या मते घरगुती समारंभासाठी हाच मार्ग सगळ्यात चांगला. सोहळ्याचा मूळ हेतूच एखाद्या कामाला हातभार लावणं असेल, तर मात्र देणगीचा उल्लेख पत्रिकेत उघडपणे करावा. त्याचा मजकूर पुढे दिला आहे.

ओळ लिहिताना

‘आपली उपस्थिती हाच आहेर’ आणि ‘आपले आशीर्वाद हाच आहेर’ या ओळी इतक्या पत्रिकांवर छापल्या गेल्या आहेत, की वाचणारा त्यांना ‘आपले नम्र’सारखं रिवाजाचं वाक्य समजतो. शिवाय त्यात आपल्याला काय प्रिय आहे ते येतं, पाहुण्याने काय करायचं ते येत नाही. दुसऱ्या टोकाला ‘आहेर स्वीकारला जाणार नाही’ असं लिहितात. अर्थ स्पष्ट आहे, पण भाषा कचेरीतल्या फलकाची आहे. कुणी आणायच्या आधीच त्याला परत पाठवल्यासारखं वाटतं.

या दोन्हींच्या मधली जागा अशी : आधी स्पष्ट विनंती, मग एका छोट्या वाक्यात आपलेपणा. विनंती ‘आणू नये’ अशीच असावी, म्हणजे ती पाहुणा घरून निघण्याआधीच लागू होते. ‘स्वीकारणार नाही’ हे दारात घडतं, आणि दारात कुणाचाच मान राहत नाही.

‘आहेर’ या शब्दात काय येतं, यावरही लोकांचा घोळ होतो. पुष्कळांच्या मनात आहेर म्हणजे पाकीट किंवा कापड. पत्रिकेत फक्त ‘आहेर आणू नये’ असेल तर ती माणसं मोकळ्या मनाने पुष्पगुच्छ घेऊन येतात आणि संध्याकाळी कार्यालयाच्या कोपऱ्यात पन्नास गुच्छ सुकत पडतात. फुलंही नको असतील तर तसं नाव घेऊन लिहा. आमची ओळ अखेर अशी झाली :

> कृपया आहेर, भेटवस्तू अथवा पुष्पगुच्छ आणू नयेत, ही मनापासून विनंती. बाबांना आपल्याशी निवांत गप्पा मारायच्या आहेत.

दुसरं वाक्य भावाने सुचवलं आणि त्यानेच काम केलं. ‘हीच आमची इच्छा’ अशा गोल वाक्याऐवजी त्यात एक खरी गोष्ट आली. कितीतरी जण आल्याआल्या बाबांना म्हणाले, “बोलवलंयत ना गप्पा मारायला, मग बसा!” तुमच्या घरातलीही अशी एखादी खरी गोष्ट शोधा. नातवंडांना सगळ्यांची ओळख व्हावी, आईला माहेरच्या सगळ्यांना एकत्र पाहायचंय, असं काहीही. कारण सांगायचंच तर ते आपल्या बाजूचं असावं. ‘घरात जागा नाही’ किंवा ‘वस्तू पडून राहतात’ असं लिहिलं, की ज्यांनी आधी काही दिलं होतं त्यांच्या मनाला लागतं.

देणगीचा उल्लेख पत्रिकेतच करायचा असेल तर असं लिहिता येईल :

> कृपया आहेर अथवा पुष्पगुच्छ आणू नयेत. या निमित्ताने आम्ही कुटुंबीय गावच्या शाळेच्या वाचनालयाला मदत करत आहोत. आपणांस त्यात सहभागी व्हावेसे वाटल्यास माहितीसाठी जरूर फोन करावा.

इथे आधी कुटुंब स्वतः देतंय हे येतं आणि मग पाहुण्याला त्यात यायची मुभा मिळते. रक्कम कुठेही नाही. खाते क्रमांक नाही आणि क्यूआर कोडही नाही. क्यूआर कोड पत्रिकेवर छापण्याची पद्धत आता दिसते, पण मला ती पटत नाही. आमंत्रणावर पैसे भरायचा चौकोन आला की ते आमंत्रण पावती-पुस्तकासारखं दिसू लागतं, आणि तीच पत्रिका देवापुढे ठेवायची असते, पहिली अक्षत द्यायची असते. फोन नंबर पुरे.

कुठे छापायचं, व्हॉट्सअ‍ॅपवर काय पाठवायचं

पत्रिकेत ही ओळ सगळ्यात शेवटी, स्थळ-वेळ आणि निमंत्रकांच्या नावांनंतर, थोड्या लहान अक्षरांत असावी. ‘वि. सू.’ किंवा ‘टीप’ लिहायची गरज नाही, नुसती ओळ पुरते. पण इतकी लहानही नको की चष्म्यातूनही दिसणार नाही. आमच्या पहिल्या नमुन्यात छापखान्याने ती सोनेरी शाईत, अगदी बारीक टाकली होती. माझ्या ७८ वर्षांच्या मावशीला ती वाचताच आली नाही. आम्ही ती काळ्या शाईत, बाकीच्या मजकुराहून फक्त थोडी लहान अशी करून घेतली. छापायला देण्याआधी घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला पत्रिका वाचायला द्या, हे मी आता सगळ्यांना सांगते.

व्हॉट्सअ‍ॅपवर पत्रिकेचा फोटो पाठवला तर ती ओळ बहुतेकदा वाचलीच जात नाही. लोक तारीख आणि कार्यालयाचं नाव बघून पुढे जातात. म्हणून फोटोखाली टाईप करून एक वाक्य टाकावं : “काका, खाली लिहिलंय तसं खरंच काही आणू नका हं. तुम्ही दोघं लवकर या.” समोरच्याचं नातं घालून लिहिलेलं हे एक वाक्य छापलेल्या ओळीपेक्षा जास्त खरं वाटतं.

ज्यांचा मान आहे त्यांचं काय

मला सगळ्यात जास्त शिकायला मिळालं ते इथे. आपल्याकडे आहेर हा नुसत्या हौसेचा नसतो, त्यातला मोठा भाग परतफेडीचा असतो. आईच्या कपाटात आहेराच्या तीन वह्या आहेत. कुणी कुणाच्या लग्नात, मुंजीत, बारशात किती दिलं ते त्यांत लिहिलेलं आहे, १९७० च्या दशकातले ११ आणि २१ रुपयेसुद्धा. समोरच्या घरांतही अशाच वह्या आहेत. तुम्ही त्यांच्या मुलाच्या लग्नात काही दिलं असेल आणि आता त्यांना ‘आणू नका’ म्हणत असाल, तर तुम्ही त्यांना उपकाराखाली ठेवताय असं त्यांना वाटू शकतं.

दुसरा भाग मानाचा. सहस्रचंद्रदर्शनात बहिणी औक्षण करतात, सासरचे येतात, कुणी उपरणं किंवा शाल घालतं, आईची खणानारळाने ओटी भरतात. हा पाहुणचारातला आहेर नव्हे, विधीचा भाग आहे. तो नको म्हणणं म्हणजे आत्याचा हक्क काढून घेणं.

आम्ही पत्रिका वाटायच्या आधीच घरात बसून यादी केली. विधीत ज्यांचा भाग होता अशी नऊ माणसं निघाली : बाबांच्या दोन बहिणी, आईचा भाऊ, व्याही, आणि पुतण्यांपैकी थोरले. यांना आईने स्वतः फोन केला. आत्याला ती म्हणाली, “वन्सं, पत्रिकेत लिहिलंय ते बाहेरच्यांसाठी. तुम्ही भावाला घालायचं ते घाला, पण सकाळी पूजेच्या वेळी घरातच घाला, कार्यालयात नको.” त्या सकाळच्या वेळेतच खरी युक्ती आहे. मानाचं देणंघेणं घरच्या विधीत, दहा-पंधरा माणसांसमोर झालं. कार्यालयात सगळे सारखे. कुणीही पाहुण्याने दुसऱ्याच्या हातून आहेर घेतलेला पाहिला नाही, त्यामुळे रिकाम्या हाताने आलेल्याला खटकण्यासारखं काही राहिलंच नाही.

परतफेडीच्या भावनेने फोन करणाऱ्यांसाठी आईचं उत्तर ठरलेलं होतं : “अहो, वहीतलं सगळं फिटलेलं आहे. तुम्ही आमच्या मुलीच्या लग्नाला केलंत ते मी विसरले नाही.” त्यांनी केलेली एखादी जुनी गोष्ट नावानिशी आठवून सांगितली की माणसाला आपली बाजू पूर्ण झाल्याचं समाधान मिळतं. त्यासाठी वही खरंच उघडून बघावी लागते. आईने दोन संध्याकाळी त्यात घालवल्या.

लग्नात हे सगळं दुप्पट अवघड होतं, कारण पत्रिका दोन घरांची असते. मुलीकडच्यांनी आहेर घ्यायचा आणि मुलाकडच्यांनी नाही, असं झालं की दोघांची तुलना होते. मजकूर छापण्याआधी व्याह्यांशी बोलून एकच ओळ ठरवावी आणि मानपान दोन्ही घरांत आपापसांत उरकून घ्यावा. बारशाला मात्र मी ‘आणू नये’ लिहायच्या भानगडीत पडणार नाही. बाळाला कुणी झबलं आणलं तर आणू द्यावं.

दारात कोण उभं राहणार

इतकं करूनही पाकिटं येतात. आमच्याकडे १४० पैकी अकरा आली. प्रवेशाशी उत्सवमूर्ती किंवा आई-वडील नसावेत. त्यांना नाही म्हणता येत नाही, म्हटलं तर समोरच्याला लागतं. तिथे घरातलं एखादं गोड बोलणारं तरुण माणूस ठेवा. आमची भाची होती, तिला दोन वाक्यं सांगून ठेवली होती. पहिल्यांदा म्हणायचं, “आजोबांनी कुणाचंच घेतलं नाहीये, तुमचं घेतलं तर बाकीच्यांना वाईट वाटेल.” हे बहुतेकांना पटतं, कारण त्यात त्यांच्या पाकिटाचा अव्हेर नाही, इतरांची काळजी आहे. त्यावरही कुणी आग्रह केला तर वाद घालायचा नाही. पाकीट घ्यायचं, पिशवीत ठेवायचं, नाव लिहायचं. मंचावर नेऊन बाबांच्या हातात द्यायचं मात्र नाही.

अकरांपैकी आठ जणांनी भाचीचं ऐकून पाकीट परत खिशात ठेवलं. तिघांनी आग्रह केला. त्या तिघांना दुसऱ्या दिवशी फोन करून विचारलं की हे वाचनालयाला द्यायचं का. तिघेही हो म्हणाले.

देणगी द्यायची असेल तर पैसे कुणाकडे जावेत

पैसे आपल्याकडे गोळा करून एकदम संस्थेला द्यावेत असं मनात येतं. तसं करू नये. आपण एकरकमी भरले तर पावती आपल्या नावाने निघते, देणाऱ्यांच्या नावाने नाही. कर सवलत त्यांना मिळत नाही आणि कुणी किती दिलं याचा हिशोब विनाकारण आपल्या गळ्यात पडतो. देणाऱ्याने संस्थेच्या खात्यावर थेट पाठवावं.

त्यासाठी नाव सांगायला सुरुवात करण्याआधी संस्थेशी बोलावं लागतं. आम्ही शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या कार्यवाहांना तीन गोष्टी विचारल्या. वाचनालयासाठी म्हणून आलेली रक्कम त्याच कामाला लागेल असं लेखी द्याल का? देणगीवर प्राप्तिकरात सवलत मिळण्यासाठीची नोंदणी, जिला सगळे ८०जी म्हणतात, ती चालू आहे का? आणि कार्यक्रमानंतर कुणी कुणी देणगी दिली त्यांची नुसती नावं, रकमा न सांगता, आम्हाला कळवाल का, म्हणजे बाबा त्यांचे आभार मानू शकतील? तिन्हींना हो म्हणाले. नोंदणी नसती तरी आम्ही तीच संस्था घेतली असती, पण मग पाहुण्यांना तसं आधी सांगितलं असतं.

सवलतीबद्दल पाहुणे विचारतातच, म्हणून थोडं माहीत असावं. २००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवर ती मिळत नाही, त्यामुळे मोठी रक्कम बँकेतून किंवा यूपीआयने पाठवावी. नव्या करप्रणालीत असलेल्या माणसाला ती मिळतच नाही. वस्तूरूपाने दिलेल्या देणगीलाही नाही. यूपीआयने पैसे पाठवले तर पावतीसाठी लागणारी सगळी माहिती संस्थेला आपोआप मिळत नाही. म्हणून पूर्ण नाव, पत्ता आणि पॅन संस्थेला वेगळं कळवावं लागतं. आमच्याकडे दोन पावत्या याच कारणाने अडल्या होत्या.

परदेशातल्या नातलगांबद्दल आधीच सावध राहा. न्यू जर्सीच्या चुलतभावाने हौसेने विचारलं आणि मग लक्षात आलं की तो आता अमेरिकेचा नागरिक आहे. परदेशी नागरिकाकडून देणगी घ्यायची तर संस्थेकडे विदेशी अंशदान नियमन कायद्याखाली, म्हणजे एफसीआरए, नोंदणी लागते. ओसीआय कार्ड असलं तरी माणूस परदेशी नागरिकच धरला जातो. गावच्या शाळेकडे ही नोंदणी कुठून असणार? भारतीय पासपोर्ट असलेल्या आणि दुबईत नोकरी करणाऱ्या भाच्याला मात्र आपल्या कमाईतून बँकेमार्फत देता आलं. चुलतभावाला सांगितलं, “तू बाबांना पत्र लिही.” त्याने चार पानी हस्तलिखित पत्र पाठवलं, ते बाबांच्या उशाशी आहे.

पैशांऐवजी पुस्तकं मागायचा विचारही आम्ही केला होता. ग्रंथतुला करतात तसं काही करू, असं भाऊ म्हणत होता. मी विरोध केला. ‘पुस्तकं आणा’ म्हटलं की घरातली जुनी पाठ्यपुस्तकं आणि एकाच पुस्तकाच्या सहा प्रती येतात. शाळेला हवी ती पुस्तकं मिळतच नाहीत. वस्तूच हवी असेल तर ती नेमकी सांगावी लागते : इयत्ता कोणती, किती पानी वही, रेघी की चौकटी. वह्यांसाठी ते सोपं आहे, पुस्तकांसाठी शिक्षकांकडून यादी घेतल्याशिवाय करू नये.

नंतरचं काम

कार्यक्रमानंतर साधारण तीन आठवड्यांनी संस्थेने नावं कळवली. ३४ जणांनी देणगी दिली होती. बाबांनी प्रत्येकाला स्वतः फोन केला. रक्कम त्यांना माहीत नव्हती, त्यामुळे ५०० देणारा आणि ५००० देणारा दोघांशी बोलणं अगदी सारखं झालं. ज्यांनी काही दिलं नाही त्यांनाही, गप्पा मारायला आलात म्हणून, फोन गेले. त्यामुळे देणगी दिलेल्यांनाच फोन आला असं कुणाला वाटलं नाही.

देणगीदारांची नावं कौटुंबिक गटावर टाकायचा मोह भावाला झाला होता, तो आम्ही आवरला. पावत्या संस्थेने परस्पर पाठवल्या. सवलतीचं प्रमाणपत्र आर्थिक वर्ष संपल्यावर येतं, हे दोघा-तिघांना पुन्हा सांगावं लागलं. वाचनालयाचं कपाट दिवाळीनंतर बसलं. त्याचा फोटो मात्र सगळ्या १४० जणांना पाठवला, त्यात बाबा खुर्चीवर बसलेत आणि अंगावर आत्याने सकाळच्या पूजेत घातलेलं उपरणं आहे.